पार्सल रंगमंचावर ठेवलं आहे

दिवाळीला आठ दिवस होते. माझा भाचा कारखान्यातून संध्याकाळी घरी आला, तेव्हा त्याच्या दारावर चिकटपट्टीनं लावलेली एक चिठ्ठी होती. अक्षर वळणदार, निळ्या शाईचं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींचं. चिठ्ठीत तीनच वाक्यं होती. पहिलं वाक्य असं: ‘ईअर पेकले लीग्ट आउफ देअर ब्यूने.’ दुसरं, दार उघडंच असतं. तिसरं, मी मुलीकडे चालले आहे, पुढच्या शनिवारी परत येईन.

भाचा मूळचा सांगलीचा, पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअर झालेला. गेली दोन वर्षं तो जर्मनीत एस्लिंगेन या गावी राहतो. श्टुटगार्टच्या शेजारी, नेकार नदीच्या काठावर वसलेलं हे गाव जुन्या लाकडी चौकटीच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे आणि नदीच्या त्या खोऱ्यात यंत्रं बनवणारे कारखाने ओळीनं उभे आहेत. मराठी माणसाला हा भाग अगदीच परका नाही. श्टुटगार्ट आणि मुंबई या दोन शहरांचं भगिनी-शहरांचं नातं १९६८पासून आहे.

चिठ्ठीतलं पार्सल सांगलीहून आलं होतं. त्यात आकाशकंदील, उटणं, मोती साबण आणि आईनं शिवलेली कापडी तोरणं होती. भाचा कामावर असताना टपालवाला आला आणि जर्मनीतल्या रीतीप्रमाणे पार्सल शेजारच्या घरी देऊन गेला. आजींनी ते घेतलं, सुरक्षित जागी ठेवलं, चिठ्ठी लिहिली आणि त्या गावाला गेल्या. जागा कोणती, तेही त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं: ‘ब्यूने’वर.

भाच्याला हा शब्द माहीत होता आणि नेमकी तीच अडचण झाली. जर्मनच्या वर्गात ‘ब्यूने’ म्हणजे रंगमंच असं त्यानं पाठ केलं होतं. खात्रीसाठी त्यानं फोनमधला शब्दकोश उघडला. तिथेही रंगमंच. मग त्यानं तर्क लढवला. आजी रस्त्यापलीकडच्या चर्चच्या सभागृहात गायनाला जातात, तिथे एक छोटा रंगमंच आहे, पार्सल तिथेच ठेवलं असणार. तो सभागृहाशी गेला, तर दाराला कुलूप. ‘दार उघडंच असतं’ हे वाक्य आता जुळेना.

मग दुसरा अर्थ आठवला. कारखान्यात गाडी किंवा जड यंत्र वर उचलून धरणाऱ्या यंत्रणेला ‘हेबेब्यूने’ म्हणतात. इमारतीच्या मागे एक गॅरेज होतं, तिथे अशी गाडी उचलायची यंत्रणाही होती. शनिवारी सकाळी तो तिथे जाऊन विचारून आला. तिथे पार्सल नव्हतं. शनिवार गेला, रविवार गेला. आजींचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. तोवर पार्सल त्याच्या स्वतःच्या डोक्यावर, दोन मजले वर, पडून होतं.

सोमवारी त्यानं चिठ्ठी कारखान्यातल्या एका वयस्कर फिटरला दाखवली. हा फिटर श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगराळ भागातल्या खेड्यातून रोज कामाला येतो. त्यानं चिठ्ठीवर एक नजर टाकली आणि बोट थेट छताकडे केलं. म्हणाला, “पेकले लिहिलंय बघ. बाई श्वाबियन आहेत. श्वाबियन माणसाची ब्यूने घराच्या छपराखाली असते.”

म्हणजे माळा.

त्या संध्याकाळी भाचा जिन्यानं शेवटपर्यंत वर गेला. उतरत्या कौलारू छपराखाली एक लांब जागा होती. लाकडी पट्ट्यांच्या जाळीनं तिचे भाग पाडलेले, प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक. मध्ये कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. बाहेरचं दार उघडंच होतं आणि पहिल्याच कप्प्याशी टपालाचे शिक्के मारलेला सांगलीचा खोका ठेवलेला होता. आजींनी तो जिन्यात ठेवला नाही याला कारण होतं. जर्मनीत इमारतीचा जिना आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग म्हणून मोकळा ठेवावा लागतो. म्हणून सामान माळ्यावर गेलं.

घरी येऊन त्यानं भाडेकराराचा कागद काढला. दोन वर्षांपूर्वी सही करताना ज्या यादीवर त्याची नजर फक्त फिरली होती, त्या यादीत तळघरातल्या जागेच्या पुढेच ‘ब्यूने’तला वाटा लिहिलेला होता. श्टुटगार्टच्या आसपासच्या घरभाड्याच्या जाहिरातींतही हा शब्द याच अर्थानं छापला जातो. शब्द समोर होता, पण त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं वाटल्यामुळे भाच्यानं तो कधी विचारला नव्हता.

गोष्ट एवढीच आहे. पण ती मला भाच्यानं फोनवर सांगितली, तेव्हापासून मी या एका शब्दाच्या मागे आहे.

पहिला प्रश्न असा की रंगमंच आणि माळा यांचा संबंध काय? मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘ब्यूने’ म्हणजे फळ्यांची उंचावरची जागा: फळ्या ठोकून केलेला चौथरा, किंवा खोलीवरची फळ्यांची तक्तपोशी. नाटकाचा अर्थ या मूळ अर्थातून पुढे निघाला. खेळ दाखवायचा तर लोकांना दिसेल अशा उंचीवर फळ्यांचा मंच बांधावा लागे. त्या मंचाला ‘ब्यूने’ म्हणत आणि हळूहळू लिखित जर्मनमध्ये ती नाटकाचीच ब्यूने झाली. श्वाबियन घरात मात्र फळ्यांची उंच जागा छपराखालीच राहिली. कारखान्यातली ‘हेबेब्यूने’ हीदेखील माणूस किंवा यंत्र वर घेणारी सपाट फळीच. तीन अर्थ, पण चित्र एकच.

मराठी वाचकाला हे समजायला जर्मन यावी लागत नाही. आपला ‘माळा’ घ्या. कोकणातल्या किंवा देशावरच्या जुन्या घरात माळा म्हणजे छपराखालची अडगळीची, धान्याची, लाकूडफाट्याची जागा. मुंबईच्या चाळीत ‘तिसऱ्या माळ्यावर राहतो’ म्हटलं तर माळा म्हणजे मजला. आणि ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला शेतात चार खांबांवर जो मंच उभारतात, तोही माळाच. समजा, एखाद्या परदेशी माणसानं शब्दकोशात पाहून माळा म्हणजे मजला एवढंच शिकून घेतलं आणि सोलापूरकडच्या शेतकऱ्यानं त्याला ‘पोरगं माळ्यावर बसलंय’ असं सांगितलं, तर तो घराचा जिना शोधत राहील. भाच्याचं एस्लिंगेनमध्ये तेच झालं.

दुसरा प्रश्न: शब्दकोशानं दगा का दिला? मोठ्या जर्मन कोशांत प्रादेशिक अर्थ दिलेले असतात, पण ते प्रमाण अर्थांनंतर येतात आणि त्यांच्यापुढे ‘लांडशाफ्टलिश’ म्हणजे प्रादेशिक, ‘झ्यूडडॉइच’ म्हणजे दक्षिण जर्मन, अशी लहानशी खूण असते. फोनमधले छोटे कोश जागा वाचवण्यासाठी नेमके हेच खालचे अर्थ गाळतात. अनोळखी शब्द असता तर कोशात तो सापडला नसता आणि भाच्यानं लगेच कुणाला तरी विचारलं असतं. ओळखीचा शब्द सापडतो, अर्थही देतो आणि शोध तिथेच थांबतो.

याहून बारीक कारण लेखनात आहे. श्वाबियन बोलीत ओठ गोल करून उच्चारायचा ‘यू’ हा स्वर सपाट होऊन ‘ई’ होतो. आजी तोंडानं ‘ब्यूने’ म्हणतच नाहीत, त्या ‘बीने’च्या जवळचं काहीतरी म्हणतात. भाच्यानं ते कानांनी ऐकलं असतं, तर हा काही वर्गातला शब्द नव्हे हे त्याला तत्काळ कळलं असतं. पण लिहिताना आजींनी शाळेत शिकवलेलं शुद्धलेखन वापरलं. त्यामुळे शब्दाचा वेश प्रमाण भाषेचा झाला आणि अर्थ मात्र बोलीचाच राहिला. बोली बोलण्यात ओळखू येते, कागदावर ती लपते.

तरी ती पूर्ण लपत नाही, आणि फिटरनं जे केलं ते शिकण्यासारखं आहे. त्यानं ‘ब्यूने’कडे आधी पाहिलंच नाही. त्यानं ‘पेकले’ पाहिलं. ‘छोटं पार्सल’ म्हणायला प्रमाण जर्मनमध्ये शब्दाला ‘शेन’ प्रत्यय लागतो: ‘पेकशेन’. श्वाबियनमध्ये ‘ले’ लागतो, बव्हेरियात ‘अर्ल’, स्वित्झर्लंडमध्ये ‘ली’. शब्दाचं एवढंसं शेपूट लिहिणारा कुठला आहे ते सांगतं. ते कळल्यावर वाक्यातल्या बाकीच्या शब्दांचे अर्थही त्याच गावचे घ्यायचे. चिठ्ठीचं उत्तर चिठ्ठीतच होतं, फक्त ते दुसऱ्या शब्दात होतं.

आता तिसरा प्रश्न, आणि मला तो सगळ्यांत रमवणारा वाटतो. आजी श्वाबियन नसत्या तर त्यांनी काय लिहिलं असतं? घराच्या छपराखालच्या जागेला जर्मन बोलणाऱ्या मुलखात एक नाव नाही. ‘दाखबोडेन’ हा शब्द सगळीकडे समजतो आणि ऑस्ट्रियात तोच बोलण्यातही आहे. पण आजी उत्तरेकडच्या असत्या तर त्यांनी बहुधा ‘बोडेन’वर पार्सल ठेवलं असतं, आणि ‘बोडेन’चा वर्गात शिकवला जाणारा अर्थ आहे जमीन, फरशी. भाच्यानं दाराबाहेरची फरशी तपासली असती. आजी कोलोन किंवा म्युनिककडच्या असत्या तर त्यांनी ‘श्पायखर’ लिहिलं असतं. हा शब्द धान्याच्या कोठारासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, पण आजच्या इंजिनिअरसाठी ‘श्पायखर’ म्हणजे संगणकाची मेमरी. आणि आजी स्वित्झर्लंडच्या असत्या तर त्यांच्या माळ्याचं नाव असतं ‘एस्ट्रिश’. जर्मनीतला बांधकाम इंजिनिअर रोज ‘एस्ट्रिश’ म्हणतो, पण तो फरशी बसवण्याआधी घालायच्या सिमेंटच्या थराला. एकच माळा, चार गावं, चार नावं; आणि त्यातलं प्रत्येक नाव दुसऱ्या गावात दुसऱ्याच वस्तूचं आहे.

ही विविधता कुठून आली, याचं उत्तर इतिहासात आहे. जर्मनी एक राष्ट्र म्हणून उभं राहिलं ते १८७१मध्ये. त्याआधी शेकडो वर्षं तिथे लहानमोठी राज्यं होती आणि प्रत्येकाचा बाजार, दरबार, शाळा वेगळी होती. मार्टिन ल्यूथरचं बायबल १५३४मध्ये पूर्ण छापलं गेलं आणि त्यातून सर्वांना वाचता येईल अशा लिखित भाषेला बळ मिळालं. पण ती भाषा बराच काळ वाचायची आणि लिहायची होती. घरातला माळा, ताट, झाडू यांना नाव देण्याचं काम घरातल्या बोलीनंच केलं. म्हणून न्यायालय, विद्यापीठ, रेल्वे यांचे शब्द देशभर सारखे, आणि घरातल्या वस्तूंचे शब्द मात्र दर दोनशे किलोमीटरवर बदलणारे.

जर्मनांनी हे शब्द नुसते बोलले नाहीत, ते मोजले. १८७६मध्ये गेओर्ग वेंकर या भाषाभ्यासकानं ऱ्हाईन नदीकाठच्या शाळामास्तरांना काही साधी वाक्यं पाठवली आणि ती गावच्या बोलीत लिहून पाठवा, अशी विनंती केली. पुढे हे काम साऱ्या देशभर पसरलं. चाळीस वाक्यांची ही प्रश्नावली चाळीस हजारांहून अधिक ठिकाणांहून भरून आली आणि तिच्यावरून मारबुर्ग इथे हातानं रंगवलेले बोलीचे नकाशे तयार झाले. एकट्या श्वाबियन बोलीचा हेर्मान फिशर यांनी सुरू केलेला कोश १९०४ ते १९३६ या काळात सहा खंडांत निघाला. २००३पासून श्टेफान एल्स्पास आणि रोबेर्ट म्योलर हे दोन प्राध्यापक इंटरनेटवरून लोकांना विचारतात, ‘तुमच्या गावात याला काय म्हणतात?’ आणि उत्तरांचे ठिपके नकाशावर मांडतात. माळ्याच्या नावांचेही असे नकाशे झालेले आहेत. त्यांत ‘ब्यूने’चे ठिपके नैर्ऋत्येला, श्टुटगार्टभोवती दाटलेले दिसतात.

मराठीतही हे काम होत आहे. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं आहे. त्यात अभ्यासक गावोगावी जाऊन रोजच्या वस्तूंचे शब्द ध्वनिमुद्रित करतात.

या नकाशांना मर्यादाही आहेत. ठिपके दाट आहेत म्हणून तिथला प्रत्येक माणूस तोच शब्द बोलतो असं नाही. शहरातली तरुण मुलं, बाहेरून आलेली कुटुंबं बहुधा ‘दाखबोडेन’च म्हणतात. दोन बोलींच्या मध्ये रेघ मारता येत नाही. एकाच रस्त्यावर दोन्ही शब्द चालणारी गावं असतात. म्हणून नकाशा फक्त शक्यता सांगतो. पक्कं उत्तर तिथल्या माणसाकडूनच मिळतं.

माळ्याचा शब्द चुकला तर फार तर दोन दिवस जातात. कामाच्या जागी असा शब्द चुकला तर जास्त नुकसान होऊ शकतं, आणि हे भाच्याला त्याच फिटरनं समजावलं. पुस्तकी जर्मनमध्ये ‘हेबेन’ म्हणजे उचलणं. हेबेब्यूनेतला ‘हेबे’ तोच. पण श्वाबियन माणूस ‘हेब’ म्हणतो तेव्हा त्याला ‘धर, घट्ट पकड’ असं म्हणायचं असतं. उचलण्यासाठी त्याच्याकडे ‘लुप्फे’ हा वेगळा शब्द आहे. दोघांनी मिळून जड भाग बसवताना एकाला ‘धर’ म्हणायचं आहे आणि दुसरा उचलू लागला, तर बोटं चिरडू शकतात. इथेही बोली चुकीची नाही. या धातूच्या मुळाशी पकडणं हाच अर्थ आहे आणि उचलण्याचा अर्थ त्यातून पुढे आला. त्या दिवसापासून भाचा नव्या विभागात गेला की हातवाऱ्यासकट विचारून घेतो: ‘हेब’ म्हणजे असं की असं?

घरातलाही एक शब्द त्यानं नोंदवून ठेवला आहे. प्रमाण जर्मनमध्ये ‘टेपिश’ म्हणजे गालिचा. श्वाबियन आजी थंडीत पाहुण्याला ‘टेपिश’ घ्यायला सांगतात तेव्हा त्या पांघरूण पुढे करत असतात.

अशा शब्दांना ‘अशुद्ध’ म्हणण्याची सवय आपल्याकडेही आहे, जर्मनीतही होती. पण ‘ब्यूने’ची गोष्ट उलटं सांगते. बोलीनं शब्द बिघडवला नाही. लिखित भाषेनं त्याचा एक नवा अर्थ उचलला आणि बोलीनं जुना जपला. बाडेन-व्युर्टेमबेर्ग या राज्यानं १९९९मध्ये स्वतःच्या जाहिरातीत अभिमानानं म्हटलं होतं की आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन सोडून. यंत्रं आणि मोटारी बनवणाऱ्या त्या लोकांना आपल्या बोलीची लाज वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

आजी ठरल्याप्रमाणे शनिवारी परतल्या. तोवर भाच्याच्या खिडकीत आकाशकंदील लागला होता. रविवारी सकाळी त्याच्या दारावर पुन्हा निळ्या शाईची चिठ्ठी होती: आज कॉफीला या, ‘ड्रायफिअर्टेल फिअर’ला. पुस्तकी जर्मनमध्ये ही वेळ बहुधा ‘चाराला पाव कमी’ अशी सांगतात. आजींच्या चिठ्ठीत शब्दशः ‘तीन पाव चार’ लिहिलेलं होतं. या वेळी भाच्यानं शब्दकोश उघडला नाही. चौथा तास तीन पाव भरला, म्हणजे पावणेचार, हे त्याचं त्यालाच उमगलं. जर्मन ‘हाल्ब ड्राय’, म्हणजे ‘अर्धा तीन’, हे अडीचचं नाव तर आपल्याच घरचं वाटावं असं आहे. आपला ‘अडीच’ संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. श्टुटगार्टचं घड्याळ आणि सांगलीचं घड्याळ इथे एकाच रीतीनं मोजतात.

तो बरोबर पावणेचारला करंज्यांचा डबा घेऊन खाली गेला. आजींना त्यानं ‘माळा’ हा शब्द शिकवला.

परमुलखात राहायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना माझं एकच सांगणं आहे. अनोळखी शब्दाला घाबरू नका, तो कोशात मिळेल. ओळखीचा शब्द वाक्यात बसत नसेल, तर मात्र कोश मिटा, वाक्यातल्या बाकीच्या शब्दांवरून लिहिणारा कुठला आहे ते ओळखा आणि त्याच गावच्या माणसाला विचारा. भाच्यानं शुक्रवारी एका माणसाला विचारलं असतं, तर आकाशकंदील तीन दिवस आधी लागला असता.